लिंकमध्येच रक्कम आणि ऑर्डर नंबर भरून पाठवायचा आहे, पण रक्कम रिकामी येते

तिखटमीठ
मंगळवार पेठेत आमचं मसाल्याचं छोटं दुकान आहे. कांदा-लसूण मसाला, पापड, सांडगे. निम्मं गिऱ्हाईक आता पुण्या-मुंबईचं झालंय. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर देतात, आम्ही कुरिअरनं पाठवतो. पैशाचं मात्र रोजचं त्रांगडं. क्यूआरचा फोटो पाठवला की जो तो आपल्या मनानं रक्कम टाकतो. १३१० सांगितले तर कोण १३०० टाकतं, कोण कुरिअरचे विसरतं. त्यात ऑर्डर बायकोची आणि पैसे नवऱ्याच्या खात्यातून, म्हणजे संध्याकाळी वही घेऊन बसलं की कुणाचे आले आणि कुणाचे राहिले याचा मेळच लागत नाही.

भाचा म्हणाला, लिंकमध्येच रक्कम आणि टीप भरून देता येते. मग शोधून शोधून ही केली (आयडी इथं बदललाय):

```
upi://pay?pa=tumchaid@bank&pn=Masale & Papad&tn=Order #214&am=1,310&cu=INR
```

दोन अडचणी. एक, याचा क्यूआर करून माझ्याच दुसऱ्या फोनवरून स्कॅन केला तर टीप नुसती "Order" आली आणि रक्कम रिकामी. दोन, व्हॉट्सअॅपवर टाकली तर ती नुसती अक्षरं दिसतात, बोट लावलं तरी काही उघडत नाही. कुठं चुकतंय?

आण्णा_शाहूपुरी
ताई, एवढी उठाठेव कशाला? अॅपमध्ये "पैसे मागा" म्हणून असतं की. गिऱ्हाइकाचा नंबर टाका, १३१० टाका, पाठवा. त्याला थेट विनंती जाते, त्यानं पिन टाकला की झालं. मी भिशीचे पैसे असेच मागायचो.

पंचगंगाकाठ
आण्णा, ते आता नाही चालत. एका माणसानं दुसऱ्या माणसाकडं तसे पैसे मागायची सोय एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, कारण फसवणूक करणारे तीच वापरत होते. आणि ताईंचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना मागणी पाठवायची नाही, गिऱ्हाईक स्वतः पैसे भरताना रक्कम आणि टीप आयती भरलेली हवी आहे.

ताई, आधी रक्कम का गेली ते सांगतो. दोष `#` या चिन्हाचा आहे. लिंकमध्ये `#` आलं की वाचणारं अॅप तिथंच थांबतं, पुढचं सगळं त्याच्या लेखी वेगळ्या खात्यात जातं. तुमच्या लिंकमध्ये टीप आधी आणि रक्कम नंतर आहे. म्हणून `Order ` एवढंच वाचलं गेलं, आणि `214`, `am`, `cu` सगळं `#` च्या मागं राहिलं. तुम्ही `am` आधी आणि `tn` शेवटी लिहिलं असतं तर रक्कम आली असती, फक्त नंबर गळला असता. मग तुम्हाला वाटलं असतं की अॅप टीप खातंय.

ते काढलं तरी स्वल्पविराम आडवा येईल. `am` मध्ये फक्त आकडा आणि दशांश चिन्ह चालतं. `1,310` नाही, `₹1310` नाही, `1310/-` तर नाहीच. `1310.00` असं लिहा.

तिसरं `&`. हे चिन्ह दोन माहित्यांमधला आडपडदा आहे. `Masale & Papad` लिहिलं की नाव `Masale` वर संपतं आणि ` Papad` ही कुठली तरी अनोळखी माहिती समजून टाकून दिली जाते. नावाचं फार बिघडत नाही, कारण २०२५च्या मध्यापासून अॅपनं बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं असा नियम आहे, लिंकमध्ये तुम्ही काहीही लिहा. पण उद्या टिपेत "2kg masala & papad" लिहाल तर टीप अर्धी होईल.

अशी चिन्हं सांकेतिक करून लिहायची असतात. मोकळी जागा म्हणजे `%20`, `&` म्हणजे `%26`, `#` म्हणजे `%23`. तुमची लिंक अशी होईल:

```
upi://pay?pa=tumchaid@bank&pn=Masale%20%26%20Papad&am=1310.00&cu=INR&tn=Order%20214
```

`#` मी मुद्दामच वगळलं. त्याच्याशिवाय काही अडत नाही. आयडीमधलं `@` मात्र तसंच ठेवा, त्याचं `%40` केलं की काही अॅपना आयडी ओळखता येत नाही.

तिखटमीठ
आलं! रक्कम आली, टीप पण "Order 214". एवढ्याशा चिन्हानं दोन दिवस डोकं खाल्लं. टीप मराठीत "ऑर्डर २१४" लिहिली तर? आमच्या काही आज्ज्यांना मराठीच बरं पडतं.

पंचगंगाकाठ
लिहिता येते, पण मी नाही लिहिणार. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह सांकेतिक केलं की नऊ अक्षरांचं होतं, म्हणून लिंक लांबलचक होते आणि क्यूआर गिचमिड. त्यापुढं गिऱ्हाइकाचं अॅप, त्याची बँक, तुमची बँक, एवढ्या हातांतून ती टीप जाते. मधल्या एखाद्याला देवनागरी मानवत नाही आणि शेवटी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन उरतात. टीप तुमच्या हिशेबासाठी आहे, आज्जींसाठी नाही. आज्जींना मराठी मेसेज वेगळा लिहा. आणि रकमेत देवनागरी आकडे तर अजिबात नकोत, `१३१०` ला अॅप आकडा समजत नाही.

रंकाळा_फेरी
ताई, मी हेच काम केलंय, दोन गोष्टी अजून घाला. `mc=5411` घातलं की अॅपला कळतं हे किराणा दुकान आहे, मग पेमेंट दुकानाचं म्हणून जातं. आणि `tr=` मध्ये ऑर्डर नंबर टाका, तो बँकेच्या उताऱ्यात येतो. आणि हो, लिंकमध्ये रक्कम टाकली की ती कुलूपबंद होते, गिऱ्हाइकाला बदलताच येत नाही. त्यामुळं तपासायची गरजच उरत नाही.

पंचगंगाकाठ
भावा, अर्धं बरोबर सांगितलंस, म्हणून जास्त धोक्याचं आहे.

`mc` आपण आपल्या मनानं घालायचा नसतो. तो व्यापारी म्हणून नोंद केल्यावर बँक किंवा पेमेंट कंपनी त्या आयडीला लावून देते. साध्या बचत खात्याच्या आयडीला `5411` चिकटवला तर तो आयडी व्यापारी होत नाही. उलट लिंकमधला कोड आणि नोंदीतला कोड जुळत नाही म्हणून पेमेंट अडू शकतं.

`tr` चं तसंच. व्यापारी आयडी असेल तर त्याचा उपयोग आहे, पण दर व्यवहाराला तो नवा लागतो. गिऱ्हाइकाचं पहिल्यांदा फसलं आणि त्यानं तीच लिंक परत दाबली तर "हा व्यवहार आधीच झालाय" म्हणून परत पाठवलं जाऊ शकतं. साध्या आयडीला `tr` नकोच.

आणि कुलूप. बहुतेक अॅपमध्ये रकमेचा चौकोन बदलता येत नाही हे खरं. पण लिंक म्हणजे उघडी अक्षरं आहेत. कुणीही `1310.00` चं `131.00` करून दाबू शकतं. लिंकनं भोळ्या चुका थांबतात, लबाडी नाही. आलेली रक्कम बघणं सुटत नाही.

रंकाळा_फेरी
`mc` चं मान्य. माझा आयडी दुकानाचाच होता म्हणून चाललं असणार. कुलपाचं म्हणाल तर कोण बसलंय लिंक बदलत? मसाला घ्यायला हॅकर येतात होय?

गांधीनगरवाला
मधेच शिरतो. आमचं गांधीनगरला कापडाचं होलसेल आहे. मी असाच रकमेसकट क्यूआर करून व्यापाऱ्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला, १८,४०० चा. त्याचा एकच फोन. त्यानं फोटो गॅलरीतनं उघडून भरायला बघितलं तर जाईना. आणि परवा ९०० चा गेला. म्हणजे रक्कम भरलेला क्यूआर मोठ्या रकमेला चालत नाही असं समजायचं का? लिमिट तर लाखाचं आहे म्हणतात.

पंचगंगाकाठ
रक्कम भरलेली असण्याचा संबंध नाही. गॅलरीतल्या फोटोतनं क्यूआर वाचून पैसे द्यायचे आणि समोरचा पडताळणी झालेला व्यापारी नसेल, तर मर्यादा २,००० रुपयांची आहे. तोच क्यूआर समोर धरून कॅमेऱ्यानं स्कॅन केला तर दिवसाच्या नेहमीच्या मर्यादेत जातो. तुमचे ९०० गेले आणि १८,४०० अडले ते त्यामुळं. त्या व्यापाऱ्याला दुसऱ्याच्या फोनवर फोटो उघडून स्वतःच्या फोननं स्कॅन करायला सांगा, किंवा दुकानाच्या नावानं व्यापारी क्यूआर घ्या. तुमच्या रकमा बघता दुसरंच बरं.

ताईंनाही हे लागू आहे बरं का. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर दोन हजारावर सहज जाते.

तिखटमीठ
म्हणजे क्यूआरचा फोटो पाठवायचा नसेल तर लिंकच हवी, आणि लिंक तर व्हॉट्सअॅपवर दाबताच येत नाही. मग?

नवखा_कोडर
व्हॉट्सअॅप `https://` नं सुरू होणाऱ्या पत्त्यालाच दाबण्याजोगं करतं, `upi://` ला नाही. म्हणून मध्ये एक पान ठेवायचं. गिऱ्हाईक साधी वेब लिंक दाबतं, पान उघडतं, त्यावर "पैसे भरा" बटण, आणि त्या बटणामागं `upi://`. मी कॉलेजच्या कॅन्टीनसाठी केलं होतं. पान कुठंही फुकट ठेवता येतं, सर्व्हर लागत नाही. हे बघा:

```html
<meta charset="utf-8">
<p id="t"></p>
<a id="b">पैसे भरा</a>
<script>
const q = new URLSearchParams(location.search);
const am = Number(q.get("am")), no = q.get("no") || "";
if (am > 0 && /^[0-9]+$/.test(no)) {
  t.textContent = "ऑर्डर " + no + ", रक्कम ₹" + am.toFixed(2);
  b.href = "upi://pay?pa=tumchaid@bank&pn="
    + encodeURIComponent("Masale & Papad")
    + "&am=" + am.toFixed(2) + "&cu=INR&tn="
    + encodeURIComponent("Order " + no);
}
</script>
```

मग गिऱ्हाइकाला एवढंच पाठवायचं:

```
https://tumchi-site/pay.html?am=1310&no=214
```

`%20` वगैरे सगळं पान स्वतः करतं. रक्कम चुकीची लिहिली, म्हणजे स्वल्पविराम किंवा मराठी आकडे आले, तर बटण मेलेलं राहतं. पाठवायच्या आधी स्वतः एकदा दाबून बघायचं, लगेच कळतं.

पंचगंगाकाठ
चांगलं केलंयस. वाचणाऱ्यांनी यातली एक गोष्ट नीट बघा: यूपीआय आयडी पानाच्या आत पक्का लिहिलाय, लिंकमधून घेतलेला नाही. बरेच जण सोय म्हणून `?pa=...` पण लिंकमधूनच घेतात. मग कुणीही तुमच्या दुकानाच्या पानाला स्वतःचा आयडी जोडून तुमच्याच गिऱ्हाइकांना पाठवील. पान तुमचं, नाव तुमचं आणि पैसे त्याला.

ऑर्डर नंबरात फक्त आकडेच घेतोय तेही तसंच राहू दे. उद्या कुणी तिथं भलतंसलतं लिहून तुमच्या पानावर दाखवायला नको.

तिखटमीठ
पान भाच्यानं चढवलं. माझ्या फोनवर झकास चाललं. पण तीन गिऱ्हाइकांना पाठवलं तर दोघांचं झालं आणि एका काकूंच्या फोनवर अॅप उघडलं, रक्कम दिसली, टीप दिसली आणि पुढं "सुरक्षेच्या कारणास्तव हे पेमेंट करता येत नाही" असं काहीतरी. परत केलं तरी तेच. त्याच काकूंनी त्याच अॅपमधून आयडी हातानं टाकून पैसे दिले तर गेले! आयडी माझ्या मिस्टरांच्या बचत खात्याचा आहे.

पंचगंगाकाठ
उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. लिंकमधून, म्हणजे दुसऱ्या कुठल्या पानावरून, उघडलेलं पेमेंट एखाद्या व्यक्तीच्या आयडीला जात असेल तर काही अॅप ते अडवतात. फसव्या लिंका बहुतेक तशाच असतात, म्हणून अॅपच्या बाजूनं बघितलं तर ते शहाणपणाचंच आहे. ओळखायची खूण तुम्ही सांगितलीत तीच: रक्कम आणि टीप नीट दिसते, म्हणजे लिंक बरोबर आहे, आणि हातानं आयडी टाकला की तेच पैसे जातात. अशा वेळी लिंकमध्ये बदल करत बसू नका, दोष तिच्यात नाही.

यावर उपाय एकच, दुकानाच्या नावानं व्यापारी आयडी घ्या. तुमच्या गल्ल्यावर क्यूआरचं स्टँड आहे का? असेल तर पेमेंट अॅपनं नाही, साध्या क्यूआर वाचणाऱ्या अॅपनं ते वाचा. मागची सगळी अक्षरं दिसतील. त्यात `mc=` असून पुढं `0000` सोडून दुसरा आकडा असेल तर तो व्यापारी आयडी आहे. त्यातलाच `pa` आणि `mc` पानात घाला. पण सगळी ओळ तशीच उचलू नका. त्यात `sign=` असेल तर ती त्या मूळ मजकुरावरची सही असते. आपण रक्कम जोडली की सही आणि मजकूर जुळत नाही आणि अॅप शंका घेतं.

तिखटमीठ
स्टँड आहे की! बोलणारा डबा पण आहे. त्याचा आयडी वेगळा असतो हे माहीतच नव्हतं. वाचून बघितला, `mc=` मध्ये आकडा आहे, `sign=` नाही. तो घालून काकूंना परत पाठवलं, गेले पैसे. आणि गंमत म्हणजे काकूंनी मुंबईत दाबलं आणि डबा इथं ओरडला.

आण्णा_शाहूपुरी
सगळं ठीक, पण अनोळखी लिंक दाबू नका असं आम्हाला पोरं रोज सांगतात आणि तुम्ही लिंकाच पाठवायला लागलाय. मी तर नाही दाबणार.

तिखटमीठ
आण्णा, तुम्ही दुकानातच या, सांडगे बाजूला काढून ठेवते. थट्टा जाऊ दे, मुद्दा बरोबर आहे. पानावर आता आयडी आणि रक्कम लिहून ठेवलीय. ज्याला दाबायचं नाही त्यानं हातानं भरावं.

आता उताऱ्याचं. आयडी बदलल्यावर पैसे येतात, पण बँकेच्या उताऱ्यात काहींच्या पुढं "Order 214" दिसतं आणि काहींच्या पुढं नुसतं "UPI" आणि नंबर. ज्यासाठी एवढं केलं तेच अर्धं राहिलं.

पंचगंगाकाठ
टीप उताऱ्यात छापायची की नाही आणि किती अक्षरं, हे बँकेवर आहे. काही बँका पहिली थोडी अक्षरंच ठेवतात, म्हणून ऑर्डर नंबर टिपेच्या सुरुवातीला ठेवा. "Order 214" चं "214 masala" करून बघा. ज्यांची टीप येतच नाही त्यांच्याकडून १२ आकडी यूटीआर नंबर मागून घ्या, तो दोन्हीकडं सारखा असतो. नुसत्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नका, तो कुणीही बनवतं.

गांधीनगरवाला
आम्ही एक जुगाड करतो. बिलात पैसे लावतो, रुपये नव्हे, पैसे. ऑर्डर २१४ असेल तर १३१०.१४. उताऱ्यात टीप येवो न येवो, रक्कम तर येतेच. शेवटचे दोन आकडे बघितले की ऑर्डर सापडली. शंभर ऑर्डरनंतर आकडे परत येतात, पण तोवर आधीचा हिशेब मिटलेला असतो.

रंकाळा_फेरी
नाद खुळा! हे मात्र मानलं.

नवखा_कोडर
पानात करायला सोपं आहे, `am` मध्ये ऑर्डर नंबरचे शेवटचे दोन आकडे शंभरनं भागून मिळवायचे. ऑर्डरी शीटमध्ये लिहीत असाल, A मध्ये नंबर आणि B मध्ये रक्कम, तर अख्खी लिंक तिथंच तयार होईल:

```
="https://tumchi-site/pay.html?am="&TEXT(B2+MOD(A2,100)/100,"0.00")&"&no="&A2
```

तिखटमीठ
शीट घातली. पण पैशाचं मला पटत नाही हो. गिऱ्हाईक विचारतं हे १४ पैसे कशाचे? ९८ नंबरच्या ऑर्डरीला तर जवळजवळ रुपया जास्त झाला. आमच्या बिलावर १३१० आणि लिंकेत १३१०.१४, हे बरं दिसत नाही.

गांधीनगरवाला
वाढवू नका, कमी करा. १३०९.१४ लावा. कुणी तक्रार करत नाही बघा.

पंचगंगाकाठ
मग बिल पण १३०९.१४ चंच करा, नाहीतर वर्षाअखेर सीए विचारील. होलसेलमध्ये खपतं ते किरकोळीत खपेलच असं नाही, हे ताईंनीच ठरवायचं.

तिखटमीठ
विचार करते. तोवर एक नवीन: पुण्याच्या एका ताईंकडं आयफोन आहे. बटण दाबलं की त्या वापरतच नाहीत असलं अॅप उघडतं, निवडायला काही येत नाही. माझ्या फोनवर तर खालून यादी येते.

नवखा_कोडर
अँड्रॉइडवर यादी येते. आयफोनवर `upi://` साठी निवडायची सोय नाही, ज्या अॅपनं तो पत्ता आपल्या नावावर घेतलाय त्यातलं एक उघडतं. एकेका अॅपचा स्वतःचा वेगळा पत्ता असतो. आयफोन दिसला की पानावर वेगवेगळी बटणं दाखवता येतात, पण ते पत्ते अॅपवाले बदलले की बटण बंद पडणार.

पंचगंगाकाठ
मी ती बटणं नसती ठेवली. आयफोनवाल्यांना पानावरचा आयडी कॉपी करायला एक बटण द्या, रक्कम त्यांची ते टाकतील.

तिखटमीठ
म्हणजे परत १३०० येणार.

रंकाळा_फेरी
आयफोनवाल्यांना पैशाचा जुगाड लावा. १३०९.१४ हातानं टाकताना माणूस नीट बघून टाकतो!

तिखटमीठ
कुणाकडं आयफोन असेल आणि ती वेगळी बटणं चालवून बघितली असतील तर इथं लिहा. पाच-सहाच गिऱ्हाइकं आहेत तसली, पण ऑर्डरी मोठ्या असतात.